वाटून दिलेलं काम

इंटर पास होऊन मी बी.ए.च्या वर्गात गेलो, त्या वर्षी आमच्या अर्थशास्त्राच्या प्रोफेसरांनी एक नवीच गोष्ट काढली. पुस्तकातलं अर्थशास्त्र पुरे झालं, आता दिवाळीच्या सुट्टीत चार-चार जणांनी मिळून एकेका खेड्याची पाहणी करायची. घरं, जमिनी, गुरं, पिकं, खाणंपिणं, मुंबईला गेलेली माणसं, सगळं घरोघर विचारून लिहायचं. मग त्याचा इंग्रजीत अहवाल तयार करून कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचायचा. चांगला अहवाल कॉलेजच्या नियतकालिकात छापणार आणि वर्षाच्या गुणांतही तो धरणार.

गट प्रोफेसरांनीच पाडले. माझ्या गटात पुण्याच्या एका मोठ्या वकिलाचा मुलगा होता. तो इंग्रजी असं बोले की प्रोफेसरसुद्धा मान तिरपी करून ऐकत. दुसरा साताऱ्याकडचा, इनामदाराच्या घरातला, अंगाने थोराड आणि स्वभावाने सुस्त. तिसरा महाडचा मुसलमान मुलगा, त्याच्या वडिलांचं महाडच्या बाजारात भाताचं दुकान होतं. चौथा मी, पोलादपूरजवळच्या एका डोंगरवाडीतल्या कुळाचा मुलगा.

"खेडं कुठलं घ्यायचं?" प्रोफेसरांनी विचारलं.

"याचंच घेऊ या," वकिलाच्या मुलाने माझ्याकडे बोट केलं. "राहण्याजेवणाची सोय होईल. आणि गटप्रमुखही हाच."

बाकीच्यांनी लगेच माना हलवल्या. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. पुढारीपण आपल्याला चालून आलं असं वाटलं. ते खरं म्हणजे जेवणाच्या सोयीला चालून आलं होतं, हे कळायला आंबेनळीचा घाट उतरून वाडीत यावं लागलं.

निघण्यापूर्वी हॉस्टेलच्या खोलीत बसून मी काम वाटून दिलं. घरं, माणसं आणि खाणंपिणं माझ्याकडे. महाडचा बाजार, तिथे जाणारं भात आणि मुंबईला गेलेली माणसं महाडच्या मित्राकडे. जमिनी, खोताचा हिस्सा आणि गावकुसाबाहेरचा महारवाडा साताऱ्याकडच्याकडे. गुरं आणि पिकं वकिलाच्या मुलाकडे. प्रत्येकाने रोज संध्याकाळी आपले कागद आणून दाखवायचे, आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघायचं, नाही जुळले तर दुसऱ्या दिवशी त्या घरी परत जायचं.

"अहवाल कोण लिहिणार?" वकिलाच्या मुलाने विचारलं.

"सगळे मिळून."

"छे. चार हातांनी लिहिलेलं इंग्रजी चार प्रकारचं होतं. लिहिण्याचं मी घेतो. तेच तर खरं काम. बाकी गोळा करणं काय, कारकुनी आहे."

"लिहिण्याचं घे," मी म्हटलं, "पण गुरं आणि पिकंही तुझीच."

"हो रे, हो," तो म्हणाला.

महारवाडा तुझ्याकडे आहे, जाशील ना, असं मी साताऱ्याकडच्याला मुद्दाम विचारलं. कारण ती गोष्ट सोपी नव्हती. महाडात चवदार तळ्यावरून जे झालं त्याला फार वर्षं लोटली नव्हती, आणि आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांतून कोण महारवाड्यात गेला, कशाला गेला, यावर खोताची बारीक नजर असे. त्याने जांभई देत म्हटलं, "जाईन की. त्यात काय."

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा भातकापणी चालू होती. माणसं उजाडताच शेतावर जात ती दिवे लागायच्या सुमारास परतत. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की, पहाटे माणूस घराबाहेर पडायच्या आत तरी गाठायचं, नाहीतर सरळ खळ्यावर जायचं. भात झोडपता झोडपता माणूस बोलतो, फक्त आपण मध्ये उभं राहायचं नाही. महाडचा मित्र पोलादपुरात आपल्या आतेच्या घरी उतरला होता. रोज अंधारात निघून चढ चढून तो वाडीत यायचा आणि आमच्या अंगणात येऊन खाकरायचा. त्या वेळी माझे पुण्याचे आणि साताऱ्याचे पाहुणे माझ्या आईने अंथरलेल्या घोंगड्यांवर गाढ झोपलेले असायचे.

आई दिवसभर कापणीला जायची. ती जाण्याआधी या दोघांसाठी भाकऱ्या थापून ठेवायची. नाचणीची भाकरी वकिलाच्या मुलाच्या घशाखाली उतरत नव्हती, म्हणून सणासाठी ठेवलेले तांदूळ तिने दळले. एकदा ती मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "हे तुझे दोस्त उन्हं वर येईपर्यंत निजतात. त्यांना बरं नाय की काय?"

"बरे आहेत."

"मंग त्यांचा काम कोण करतो?"

ते मीच करत होतो. गुरांच्या कागदांवर पहिले काही दिवस काहीच दिसलं नाही, तेव्हा मी माझ्या घरांबरोबर गुरंही विचारायला लागलो. महाडचा मित्र पिकं विचारायला लागला. आम्ही दोघं एका उंबऱ्यावर बसून चौघांचे प्रश्न विचारायचो. माणूस कंटाळून म्हणायचा, "आता पुरे करा रे, वैरण टाकायची हाय." आणि आम्ही उठायचो, आमचंच काम अर्धं टाकून.

वकिलाच्या मुलाला मी रोज विचारायचो. रोज नवं कारण. एक दिवस पोट बिघडलं. एक दिवस पायाला फोड आला. मग एके दिवशी तो न सांगता साताऱ्याकडच्याला घेऊन सर्व्हिस मोटारीने आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला गेला आणि संध्याकाळी स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची बाटली घेऊन परत आला. बाटली आईच्या हातात दिली. आईने ती फडताळात देवाजवळ ठेवली. मला ती बाटली उचलून ओढ्यात फेकावीशी वाटली.

"गुरांचं काय झालं?" मी विचारलं.

"मी एकूण वातावरण टिपतोय," तो म्हणाला. "अहवालाला प्रस्तावना लागते. नुसत्या बैलांच्या डोक्यांची बेरीज म्हणजे अहवाल नव्हे."

"बेरीज तरी कर."

"तू फार तापतोस. पुढाऱ्याने असं तापून चालत नाही."

मी पोलादपूरच्या टपालात प्रोफेसरांना पत्र टाकलं. दोघे काम करत नाहीत, काय करू, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. माणसांना गोडीने वळवणं हाच पुढारीपणाचा धडा आहे, तक्रारी करणं नव्हे, अशा अर्थाचं काहीतरी. मी ते महाडच्या मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे त्यांचं काम आपण करायचं आणि वर त्यांच्याशी गोडही बोलायचं."

साताऱ्याकडच्याचं मात्र काम होत होतं, असं आम्हाला वाटत होतं. तो रोज सकाळी नाही तरी दुपारी खोताच्या ओसरीवर जायचा, आणि संध्याकाळी भरलेले कागद आणून द्यायचा. जमिनींचे आकडे, वाटे, सगळं व्यवस्थित. महारवाड्याचेही कागद त्याने दिले. घरं किती, माणसं किती, पाण्याची सोय पुरेशी, गावाशी संबंध सलोख्याचे. मी मनात म्हटलं, चला, एक तरी सुधारला. मी त्याला शाबासकीही दिली.

सुट्टी संपत आली तेव्हा कापणीसाठी बाहेरगावी कोण कोण जातं हा प्रश्न महारवाड्याच्या कागदांवर राहून गेलेला दिसला. साताऱ्याकडच्याला सांगण्यापेक्षा आपणच विचारून येऊ, असं म्हणून मी आणि महाडचा मित्र ओढा ओलांडून गेलो. एक म्हातारी अंगणात सूप पाखडत होती. आम्ही रामराम केला. मी म्हटलं, "आमचा दोस्त येऊन गेला ना, त्याचं थोडं विचारायचं राहिलंय."

"कोण दोस्त?"

"तो जाडसा. साताऱ्याकडचा. सगळं लिहून घेतलं ना त्यानं?"

तिने सूप खाली ठेवलं. "हिकडं कोण नाय आला, बाबा. गावातला माणूस ओढ्याच्या हिकडं कशाला येल?"

शेजारच्या घरातून तिचा मुलगा बाहेर आला. त्यालाही मी विचारलं. त्याचंही तेच. मग तो आम्हाला ओढ्यापाशी घेऊन गेला आणि वाळूत उकरलेला खड्डा दाखवला. पाणी त्यात झिरपून जमायचं. बायका करवंटीने ते घागरीत भरायच्या. वरच्या अंगाला गावाची गुरं पाण्यात उतरायची. "उन्हाळ्यात ह्यो बी आटतो," तो म्हणाला. "मंग नदीपर्यंत जायला लागतंय."

पाण्याची सोय पुरेशी. माझ्या हातात तेच शब्द लिहिलेला कागद होता.

घरी येईपर्यंत माझं डोकं तडकलं होतं. साताऱ्याकडचा पडवीत बसून आईने दिलेल्या काकडीचे तुकडे खात होता. वकिलाचा मुलगा शेजारी आडवा होता.

"तू महारवाड्यात गेला होतास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काकडी चावत राहिला.

"मी विचारतोय, तू गेला होतास का?"

"खोतांनी सांगितलं सगळं. त्यांना काय माहीत नसतं?"

"पाणी पुरेसं आहे असं कोणी सांगितलं?"

"खोतांनी."

"आणि सलोखा?"

"ते मी लिहिलं. कारण भांडण काही दिसलं नाही."

"दिसायला जावं लागतं! तिकडे जाऊन बघावं लागतं!" मी ओरडलो. अंगणात झोडपणी करणारे माझे चुलते काठ्या थांबवून बघायला लागले.

"हे बघ," तो आता उठून बसला. "घरी कळलं तर मला पंक्तीला बसू देणार नाहीत. तुझं ठीक आहे."

"माझं काय ठीक आहे? मला घर नाही? पुण्याला विचारलं होतं ना मी तुला? तेव्हाच नाही म्हणायचं होतंस. मी ते काम दुसऱ्याला दिलं असतं. तू हो म्हणालास, गेला नाहीस, आणि वर खोटं लिहून दिलंस. एक अक्षर लिहिलं नसतंस तर मी तुला नुसता आळशी म्हटलं असतं."

वकिलाचा मुलगा कोपरावर रेलून म्हणाला, "एवढं काय त्यात? दोन वाक्यं बदलून टाकू. लिहिणारा मी आहे."

त्या वेळी मी त्याला मारलं असतं. महाडच्या मित्राने माझा दंड धरला. तो कधी आवाज चढवत नसे. तो म्हणाला, "तुम्ही दोघं उद्याच्या मोटारीने जा. इथे बसून खाण्यापेक्षा पुण्याला बसून खा."

ते गेले. अगदी आनंदाने गेले. आईने दोघांना वाटेत खायला पोह्यांची पुरचुंडी बांधून दिली, आणि त्यांनी ती घेतली.

आम्ही दोघांनी महारवाडा पहिल्यापासून केला. प्रत्येक घर. लोक सुरुवातीला बोलत नव्हते. त्यांना वाटलं, आम्हाला खोताने पाठवलं. महाडच्या मित्राच्या वडिलांना त्यांतले काहीजण बाजारामुळे ओळखत होते, त्याच्यामुळे तोंडं उघडली. मी घरी परत आलो की आई दारातच अडवायची. "आधी आंघोळ कर. मंग आत ये." तिच्यावर मी चिडलो नाही असं नाही. पण ती निदान मला तोंडावर सांगत होती.

खोताला कळायचं ते कळलं. त्याने माझ्या वडिलांना ओसरीखाली उभं करून विचारलं, "तुझा पोरगा तिकडं काय लिहितोय? महाडासारखं काय काढायचं हाय का?" वडील मान खाली घालून आले. मला म्हणाले, "आता जा पुण्याला. झाला तेवढा पुरे झाला." पुढच्या हंगामात आमच्याकडचं ओढ्यालगतचं चांगलं खाचर खोताने दुसऱ्या कुळाला लावलं. वडील त्याबद्दल मला कधी थेट बोलले नाहीत. पण लावणीच्या दिवसांत ते खाचराच्या बांधावरून न जाता लांबचा वळसा घेऊन जात, आणि ते दिसलं की माझ्या डोळ्यांसमोर काकडी खाणारा तो चेहरा यायचा. ओढा ओलांडायचा म्हणून ज्याने हो म्हटलं होतं त्याचं एक मडकंही फुटलं नाही. गेलं ते आमचं.

पुण्याला आल्यावर मी आणि महाडच्या मित्राने तक्ते बांधले, बेरजा जमवल्या, प्रत्येक भागाचा मजकूर साध्या इंग्रजीत लिहिला. वकिलाच्या मुलाने त्याला आपली भाषा चढवली. पहिलं पान आणि शेवटचं पान त्याचं स्वतःचं होतं. पहिल्या पानावर सह्याद्री होता, धुकं होतं आणि साधाभोळा शेतकरी होता. मधलं सगळं आमचं. शीर्षकाखाली चौघांची नावं, पहिलं त्याचं. मी ते खोडून सगळी नावं अक्षरक्रमाने लावली. यापलीकडे मी काही केलं नाही, कारण प्रोफेसरांनी गोडीने घ्यायला सांगितलं होतं आणि मी थकलो होतो.

हॉल भरला होता. त्याने वाचलं ते उत्तम वाचलं. सगळ्यांत जास्त शांतता पसरली ती ओढ्यातल्या खड्ड्याचं वर्णन आलं तेव्हा. वाचून झाल्यावर इतिहासाचे एक वृद्ध प्रोफेसर उठले आणि त्यांनी विचारलं, "महारवाड्यात इतकी बारीक माहिती मिळवणं सोपं नाही. तुम्ही त्या लोकांचा विश्वास कसा मिळवलात?"

आणि वकिलाचा मुलगा उत्तर द्यायला लागला. आम्ही त्यांच्याशी आपुलकीने वागलो. आम्ही त्यांच्या अंगणात बसलो. आमच्या साताऱ्याच्या मित्राने यात फार कष्ट घेतले. साताऱ्याकडच्याने पहिल्या रांगेत बसून मान लववली.

मी उभा राहिलो. इंग्रजी सुचेना, म्हणून मराठीतच बोललो. "हे दोघे ओढ्याच्या पलीकडे एकदाही गेलेले नाहीत. एकाने खोताच्या ओसरीवर बसून खोटे कागद भरले. दुसऱ्याने एकाही बैलाची मोजणी केली नाही. हे काम मी आणि माझ्या महाडच्या मित्राने केलं आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली, कोणीतरी हसलं. आमचे प्रोफेसर लाल झाले. "खाली बसा," ते म्हणाले. "ही असं बोलायची जागा आहे का?"

"मी पत्रातून कळवलं होतं, सर. तेव्हा तीही जागा नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं. आधी मला. मी सभेत गटाची अब्रू काढली म्हणून बराच वेळ रागावले. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "सर, आम्हाला प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. ज्याचा भाग त्यालाच. मग काय ते ठरवा."

पण त्यांनी तसं केलं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. एकेकाला आत घेतलं. वकिलाच्या मुलाला विचारलं की, ज्या घरी बैल नाहीत ती माणसं नांगरणी कशी करतात. तो सह्याद्रीबद्दल बोलायला लागला. साताऱ्याकडच्याला विचारलं की, महारवाड्यातल्या बायका उन्हाळ्यात पाण्याला कुठे जातात. तो म्हणाला, विहिरीवर. महाडच्या मित्राला मुंबईच्या माणसांबद्दल विचारलं, आणि तो इतका वेळ आत राहिला की आम्हाला वाटलं त्याला चहा दिला असेल.

अहवालावरची दोन नावं गेली. त्या दोघांना पुढच्या सुट्टीत दुसऱ्या खेड्यात एकेकट्याने पाहणी करायला सांगितलं. वकिलाच्या मुलाच्या वडिलांनी प्रिन्सिपॉलांची गाठ घेतली आणि त्याचं ते काम पुस्तकं वाचून निबंध लिहिण्यावर आलं. साताऱ्याकडच्याने कॉलेजच सोडलं. तो तसाही जाणारच होता असं म्हणतात. मेसमध्ये काही मुलं माझ्या शेजारी बसेनात. चहाडखोर म्हणाली. मी त्यांच्यातल्या प्रत्येकाला विचारायचो, "तू ओढ्यापलीकडे गेला असतास का?" माझ्या पाटाशेजारचा पाट बरेच दिवस रिकामा राहिला.

पुढच्या वर्षी प्रोफेसरांनी मला पुन्हा गटप्रमुख व्हायला सांगितलं. कशेडी घाटाच्या पायथ्याचं एक गाव होतं. मी म्हटलं, "माझ्या दोन अटी आहेत. माणसं मी निवडणार. आणि पहिल्या आठवड्यात जो काम करणार नाही त्याला मी परत पाठवणार, गोडीने नाही."

"फार कडक होतोयस तू," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मानलं. महाडचा मित्र बरोबर होताच. नव्या गटात एकजण होता, हसतमुख, गाणं छान म्हणणारा. पहिल्या दिवशी त्याचे कागद कोरे होते. मी विचारलं, तो हसला. दुसऱ्या दिवशीही कोरे होते. तिसऱ्या दिवशी मी त्याची वळकटी स्वतः उचलून रस्त्यापर्यंत नेली आणि महाडकडे जाणारी मोटार येईपर्यंत त्याच्याजवळ उभा राहिलो. तो म्हणाला, "अरे, एवढ्यासाठी?" मी वळकटी टपावर चढवली. त्याला वाईट वाटलं असेल. मला नाही वाटलं.